जुन्या पत्त्यावर येणारी गिऱ्हाइकं

गणपती उठले की पुण्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत दिवाळी अंकांच्या आगाऊ नोंदणीची गडबड सुरू होते. अशाच एका दुकानाची वेबसाइट मी आणि माझा एक मित्र फावल्या वेळात सांभाळतो. साइट एका जुन्या सर्व्हरवर होती. एका वेळी पन्नासेक माणसं आली की त्याला धाप लागायची. म्हणून नोंदणीची खरी गर्दी सुरू होण्याआधीच्या शनिवारी, रात्री अकरा वाजता, आम्ही ती साइट नव्या सर्व्हरवर हलवली. पुस्तकांची यादी, गिऱ्हाइकांची खाती, आधीच्या सगळ्या ऑर्डरी, सगळं नीट उतरवून घेतलं. मग डोमेनच्या नोंदीत जुन्या सर्व्हरचा पत्ता खोडून नव्याचा टाकला. अकरा वाजून पाच मिनिटांनी माझ्या लॅपटॉपवर नवी साइट उघडली. मित्राच्या मोबाइलवरही उघडली. दुकानाच्या मालकांना, म्हणजे आमच्या काकांना फोन केला, "काका, झालं काम," आणि झोपलो.

रविवारी दुपारी बारा वाजता काकांचा फोन आला. "अरे, नाशिकहून एकांचा फोन आला होता. सकाळी त्यांनी सहा अंकांचा संच नोंदवला. पैसे कापले गेले, ऑर्डर नंबर आला, सगळं झालं. माझ्या यादीत त्यांचं नावच नाही."

नव्या सर्व्हरवर पाहिलं. खरंच नव्हतं. जुना सर्व्हर आम्ही निव्वळ आळसामुळे चालू ठेवला होता. त्याच्यात डोकावलो तर नाशिकचे गृहस्थ तिथे होते आणि एकटे नव्हते. शनिवारी रात्री अकरानंतर नव्या सर्व्हरवर पंधरा ऑर्डरी पडल्या होत्या आणि जुन्यावर सतरा. त्याहून वाईट म्हणजे दोन्हीकडे ऑर्डरींचे नंबर एकाच आकड्यापासून पुढे मोजले जात होते. नाशिकच्या गृहस्थांना मिळालेला ४३१२ हा नंबर नव्या सर्व्हरवर साताऱ्याच्या एका बाईंच्या नावावर होता. एकच दुकान, दोन गल्ले, आणि दोन्ही गल्ल्यांवर सारख्याच नंबरांची पावतीपुस्तकं.

"पण टीटीएल मी पाच मिनिटांवर आणला होता की!" मित्र म्हणाला.

"केव्हा आणलास?"

"पत्ता बदलला तेव्हाच. त्याच फॉर्ममध्ये दोन्ही रकाने असतात."

आमची सगळी चूक त्या एका वाक्यात होती. ती समजून घेण्यासाठी दोन पावलं मागे जावं लागेल.

वेबसाइटचं नाव माणसांसाठी असतं. यंत्रांना आकड्यांचा पत्ता लागतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत हे काम एका फाइलवर चालायचं. सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते असलेली ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून ती उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची आखणी मांडली. तिच्यात एक मोठी यादी कुठेच नाही. प्रत्येक डोमेनचा मालक आपल्या नावांचे पत्ते आपल्या नेमसर्व्हरवर ठेवतो आणि ज्याला गरज असेल त्याने तिथे येऊन विचारायचं.

पण प्रत्येक माणसाच्या प्रत्येक टिचकीला तिथवर जाऊन विचारायचं ठरवलं तर कुणाचाच निभाव लागणार नाही. म्हणून मध्ये एक मध्यस्थ असतो, रिझॉल्व्हर. तुमच्या इंटरनेट कंपनीचा एक असतो. गूगलचा 8.8.8.8 आणि क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 हे कुणालाही वापरता येणारे रिझॉल्व्हर आहेत. रिझॉल्व्हर म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. एका बिऱ्हाडाने प्लंबरचा नंबर विचारला की तो एकदाच चौकशी करून नंबर आपल्या वहीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वीस जणांना वहीतूनच सांगतो. या वहीला संगणकवाले कॅश म्हणतात. गल्ल्यातल्या कॅशशी तिचा संबंध नाही, पण आमच्या गोष्टीत दोन्ही गुंतल्या खऱ्या.

वहीतला नंबर किती दिवस खरा मानायचा? हे वॉचमन ठरवत नाही, प्लंबर ठरवतो. पत्ता देताना नेमसर्व्हर सोबत एक आकडा देतो: हे उत्तर इतके सेकंद धरून चाला, मग पुन्हा विचारा. हाच टीटीएल, म्हणजे नोंदीचं आयुष्य. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ३,६०० म्हणजे तास, ८६,४०० म्हणजे पूर्ण दिवस. आमच्या जुन्या नोंदीवर ८६,४०० होता. कुणी, केव्हा, का टाकला ठाऊक नाही. कुणीतरी साइट उभी करताना समोर आलेला आकडा तसाच राहू दिला असणार. टीटीएलच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी असंच होतं.

आता शनिवार रात्रीचे अकरा डोळ्यांसमोर आणा. आम्ही नेमसर्व्हरवर नवा पत्ता आणि नवा टीटीएल ३०० लिहिला. नाशिकच्या गृहस्थांच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरने मात्र त्याआधी दहा मिनिटं, दहा वाजून पन्नास मिनिटांनी, आमचा पत्ता विचारला होता. त्याला उत्तर मिळालं होतं जुना पत्ता आणि ८६,४०० सेकंद. त्याची वही त्या क्षणी सुरू झाली आणि रविवारी रात्री दहा पन्नासला संपणार. मधल्या काळात तो आम्हाला काही विचारणारच नाही, मग आम्ही टीटीएल ३०० केला हे त्याला कळणार कसं? नवा टीटीएल नव्या उत्तराबरोबरच जातो. आधी वाटलेल्या चिठ्ठ्यांवरची मुदत मागे जाऊन बदलता येत नाही.

दुसऱ्या एखाद्या रिझॉल्व्हरने शुक्रवारी रात्री साडेअकराला विचारलं असेल, तर त्याची वही शनिवारी साडेअकरालाच कोरी झाली आणि त्याच्या गिऱ्हाइकांना अर्ध्या तासात नवी साइट दिसू लागली. तिसऱ्याच्या वहीत आमचं नाव मुळात नव्हतंच. मी घरी जो रिझॉल्व्हर वापरतो तो त्या रात्री या तिसऱ्या जातीचा निघाला, म्हणून मला अकरा पाचला नवी साइट दिसली आणि मी खुशाल झोपलो. स्वतःच्या लॅपटॉपवर नवी साइट दिसणं हा स्थलांतर पूर्ण झाल्याचा पुरावा नव्हे. एका वहीत काय लिहिलंय एवढंच त्यातून कळतं.

संगणकवाल्यांच्या बोलण्यात यासाठी एक शब्द रुळला आहे, प्रोपगेशन, म्हणजे प्रसार. "बदल पसरायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात" असं होस्टिंगवाले हमखास सांगतात. माझ्या मते या शब्दानेच निम्मा गोंधळ माजवला आहे. इथे काहीच पसरत नाही. आकाशवाणीच्या बातमीसारखा नवा पत्ता केंद्रातून सुटून गावोगाव पोहोचत नसतो. जुनी उत्तरं आपापल्या जागी, आपापल्या घड्याळाने म्हातारी होऊन संपतात, इतकंच. हे पटलं की पुढचा हिशोबही करता येतो. मोठ्या कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे सतत कुणी ना कुणी विचारत असतं, त्यामुळे एक वही संपली की लगेच दुसरी सुरू होते. अशा अनेक रिझॉल्व्हरांपैकी बदलाच्या क्षणी कुणाचा एक तास उरलेला असेल, कुणाचे बारा, कुणाचे तेवीस. टीटीएल एक दिवसाचा असेल तर सहा तासांनी त्यांतले साधारण पाव रिझॉल्व्हर नव्या पत्त्यावर आलेले असतात, बारा तासांनी निम्मे आणि तेवीस तासांनंतरही चोविसातला एक जुनाच पत्ता सांगत असतो. रविवारी दुपारी आमच्याकडच्या सतरा आणि पंधरा ऑर्डरी या हिशोबात चपखल बसतात.

मग करायचं काय होतं? गुरुवारी रात्री पत्ता जुनाच ठेवून फक्त टीटीएल ३०० करायचा. शुक्रवारी रात्रीपर्यंत ८६,४०० ची मुदत असलेली शेवटची चिठ्ठीही संपली असती. शनिवारी अकराला प्रत्येक रिझॉल्व्हरच्या वहीत फार तर पाच मिनिटांची मुदत उरली असती आणि अकरा पाचला जवळपास सगळी गिऱ्हाइकं नव्या दुकानात आली असती. नियम इतकाच: टीटीएल कमी करणं आणि पत्ता बदलणं या दोन कामांत किमान जुन्या टीटीएलइतकं अंतर हवं. हा काही आमचा शोध नव्हे. मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये लिहिलेल्या आरएफसी १०३४ या मूळ दस्तऐवजात, बदल होणार हे आधी ठाऊक असेल तर आयुष्य आधी कमी करा आणि बदल झाल्यावर पुन्हा वाढवा, असा सल्ला आहेच.

वेळ तर हुकली होती. मग रविवारी दुपारी आमच्या हातात काय होतं? पहिलं काम म्हणजे कुठे काय चाललंय ते नीट पाहणं. त्यासाठी dig हा छोटा प्रोग्राम पुरतो. दुकानाचं नाव आणि पत्ते इथे बदलले आहेत. खालचे आकडे अशा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले असतात. आधी रिझॉल्व्हरला विचारलं आणि मग थेट आमच्या नेमसर्व्हरला:

```
$ dig www.example.com A +noall +answer
www.example.com.  37800  IN  A  192.0.2.10

$ dig @ns1.example.com www.example.com A +noall +answer
www.example.com.  300    IN  A  203.0.113.25
```

दुसरं उत्तर मूळ धन्याचं आहे: नवा पत्ता, ३०० सेकंद. पहिलं उत्तर नाशिकच्या गृहस्थांनी आपल्या संगणकावरून पाठवलं. ते भले निवृत्त अभियंते निघाले आणि त्यांनी हौसेने करून पाहिलं. जुना पत्ता, आणि शिल्लक ३७,८०० सेकंद, म्हणजे साडेदहा तास. रिझॉल्व्हर उत्तर देताना मूळ टीटीएल सांगत नाही, वहीत उरलेली मुदत सांगतो. ८६,४०० मधून ३७,८०० वजा केले की हे उत्तर साडेतेरा तासांपूर्वी घेतलेलं आहे हे कळतं. त्यांनी दुपारी बारा वीसला विचारलं होतं. साडेतेरा तास मागे गेलं की येते शनिवारची रात्र, दहा पन्नास. मघाशी सांगितलेली वेळ मला अशी कळली.

ही आज्ञा पुन्हा पुन्हा चालवली तर साध्या रिझॉल्व्हरवर आकडा सेकंदागणिक खाली येताना दिसतो. 8.8.8.8 सारख्या मोठ्या रिझॉल्व्हरवर मात्र तो कधी खाली तर कधी अचानक वर उडी मारतो, कधी नवा पत्ता येतो आणि लगेच पुन्हा जुना. घाबरायचं कारण नाही. त्या एका पत्त्यामागे अनेक यंत्रं आहेत आणि त्यांच्या वह्या वेगवेगळ्या आहेत. प्रत्येक वेळी उत्तर कुठल्या वहीतून येईल याचा नेम नाही.

"त्या वह्या पुसून टाकता येत नाहीत का?" काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. स्वतःच्या संगणकावरची छोटी वही पुसता येते, विंडोजवर `ipconfig /flushdns` ही आज्ञा आहे. पण त्याने फक्त आपलं घर साफ होतं आणि पुढचं उत्तर पुन्हा वॉचमनच्या त्याच जुन्या वहीतून येतं. "कॅश क्लिअर करून बघा" हा सल्ला गिऱ्हाइकाला देण्यात त्यामुळे बहुतेक वेळा काही हशील नसतं. गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांनी आपल्या रिझॉल्व्हरांच्या वहीतलं एखादं नाव पुसण्यासाठी सर्वांना खुली पानं ठेवली आहेत. ती आम्ही त्या दुपारी वापरली. गावोगावच्या इंटरनेट कंपन्यांच्या वह्यांना मात्र बाहेरच्याला हात लावता येत नाही.

मोठ्यांनाही ते जमत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला कार्यालयीन गप्पांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्लॅक या सेवेने आपल्या डोमेनवर डीएनएसच्या उत्तरांना सही जोडण्याची सुरक्षाव्यवस्था चालू केली. काही गडबड दिसल्यावर त्यांनी ती मागे घेतली. पण सह्या तपासा असं सांगणारी नोंद तोवर रिझॉल्व्हरांच्या वहीत चोवीस तासांसाठी जाऊन बसली होती. सह्या काढून टाकलेल्या, आणि रिझॉल्व्हर सही नसलेलं उत्तर घ्यायला तयार नाही. काही गिऱ्हाइकांना स्लॅक उघडेनासं झालं. कंपनीने रिझॉल्व्हर चालवणाऱ्यांना वह्या पुसण्याची विनंती केली आणि बाकीच्यांसाठी मुदत संपण्याची वाट पाहिली.

म्हणून आम्ही वह्यांचा नाद सोडला आणि जुन्या सर्व्हरकडे वळलो. गिऱ्हाईक जुन्या दुकानात येणारच असेल, तर तिथे दुसरा गल्ला ठेवायचा नाही. एक माणूस बसवायचा, आलेली चिठ्ठी घेऊन नव्या दुकानात जाणारा आणि तिथलं उत्तर आणून देणारा. वेब सर्व्हरच्या भाषेत हा प्रॉक्सी. जुन्या यंत्रावर एनजिनएक्स होताच, त्याच्या फाइलमध्ये इतकं लिहिलं:

```
location / {
    proxy_pass https://203.0.113.25;
    proxy_ssl_server_name on;
    proxy_ssl_name $host;
    proxy_set_header Host $host;
    proxy_set_header X-Forwarded-For $remote_addr;
}
```

पहिल्या ओळीत साइटचं नाव न लिहिता नव्या सर्व्हरचे आकडे लिहिले आहेत, ते मुद्दाम. नाव लिहिलं असतं तर जुन्या सर्व्हरनेही ते आपल्या रिझॉल्व्हरला विचारलं असतं, त्याने वहीतून जुना पत्ता सांगितला असता आणि सर्व्हर स्वतःचंच दार ठोठावत बसला असता. शेवटची ओळही महत्त्वाची. ती नसेल, किंवा नव्या सर्व्हरला ती वाचायला शिकवलं नसेल, तर वळवलेली सगळी गिऱ्हाइकं त्याला एकाच पत्त्यावरून आल्यासारखी दिसतात. मग एकाच ठिकाणाहून फार मागण्या येताहेत म्हणून त्याची सुरक्षाव्यवस्था त्यांना बाहेर काढते. आमच्याकडे तासभर तेही झालं.

दुपारी तीनपर्यंत जुन्या सर्व्हरवर नवी ऑर्डर पडणं थांबलं. तिथे साचलेल्या ऑर्डरी आम्ही नवे नंबर देऊन हाताने नव्या यादीत चढवल्या आणि काकांनी त्या प्रत्येकाला फोन करून नंबर बदलल्याचं सांगितलं. साताऱ्याच्या बाईंचा ४३१२ तसाच ठेवला. नाशिकच्या गृहस्थांनी तक्रार केली नाही. टीटीएल किती होता तेवढं मात्र दोनदा विचारून घेतलं.

इतका त्रास होत असेल तर टीटीएल कायमचा पाच मिनिटांवर का ठेवू नये? ठेवतात, पुष्कळ जण ठेवतात. पण वही ही केवळ अडचण नाही, आधारही आहे. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेतल्या डिन या डीएनएस कंपनीच्या नेमसर्व्हरांवर मिराई नावाच्या जाळ्यातून प्रचंड हल्ला झाला आणि ट्विटरसह अनेक बड्या साइट्स कितीतरी लोकांना उघडेनात. त्या साइट्सचे स्वतःचे सर्व्हर ठीक चालू होते, फक्त त्यांचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. अशा वेळी ज्याची नोंद वहीत दिवसभर टिकते ते नाव नेमसर्व्हर काही तास बंद पडूनही तगून जातं, आणि पाच मिनिटांचं नाव सहाव्या मिनिटाला बुडतं. शिवाय दर पाच मिनिटांनी नव्याने विचारणा झाली की पहिल्या भेटीला थोडा उशीर होतो. त्यामुळे एरवी तासभर, आणि स्थलांतराआधी दोन दिवस पाच मिनिटं, हे मला छोट्या साइटसाठी शहाणपणाचं वाटतं.

नशिबाने आम्ही एक गोष्ट केली नव्हती. सर्व्हर बदलला, पण नेमसर्व्हर तेच ठेवले. पुष्कळ जण होस्टिंग कंपनी बदलताना दोन्ही एकदम बदलतात आणि तिथे घोटाळा आणखी खोल जातो. तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, हे डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरांवर लिहिलेलं असतं आणि तिथल्या या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. तो तुम्हाला कमी करता येत नाही. त्या दोन दिवसांत काही रिझॉल्व्हर तुमच्या जुन्या नेमसर्व्हरकडेच विचारायला जातात. तिथे जुना पत्ता तसाच लिहिलेला असेल, तर तुमच्या नोंदीचा टीटीएल पाच मिनिटं असूनही दर पाच मिनिटांनी ताजा-ताजा जुना पत्ता मिळत राहतो. आणि जुन्या कंपनीने खातं बंद करताच नोंदी पुसल्या असतील, तर त्या लोकांसाठी साइटच नाहीशी होते. अशा बदलात जुन्या नेमसर्व्हरवरही नवा पत्ता लिहून तो आठवडाभर चालू ठेवावा लागतो.

आमच्या गोष्टीचा शेवटचा भाग सोमवारचा. रविवारी रात्री अकराला चोवीस तास पुरे झाले. नियमाप्रमाणे जुन्या सर्व्हरवर आता कुणी यायला नको होतं. सोमवारी सकाळी त्याची नोंदवही उघडली तर लोक येतच होते. नीट पाहिल्यावर त्यांच्या दोन जाती दिसल्या.

पहिली जात म्हणजे दारं ठोठावत फिरणारे बॉट. ते नाव विचारून येत नाहीत, आकड्यांचे पत्ते ओळीने तपासत जातात. प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर साइटचं नाव पाठवतो. यांच्या मागण्यांत नावाच्या जागी नुसता आकड्यांचा पत्ता होता किंवा काहीच नव्हतं. इंटरनेटवरच्या कुठल्याही यंत्राकडे ते येतात आणि त्यांना मोजायचं नाही. हे वेगळं न काढल्यामुळे कित्येक जण "अजून जुन्या सर्व्हरवर ट्रॅफिक आहे" म्हणून आठवडे वाट पाहत बसतात.

दुसरी जात खरी होती. दर पंधरा मिनिटांनी, एकाच पत्त्यावरून, आमच्या साइटचं नाव घेऊन कुणीतरी पाठवायच्या पार्सलांची यादी मागत होतं. ते होतं काकांच्या कुरिअरवाल्यांचं यंत्र. त्यांचा प्रोग्राम महिनोन्‌महिने न थांबता चालणारा होता. सुरू होताना त्याने एकदा पत्ता विचारला होता आणि तो कायमचा डोक्यात ठेवला होता. असे प्रोग्राम दुर्मीळ नाहीत. जावा भाषेत एका विशिष्ट सुरक्षा-मांडणीखाली विचारलेला पत्ता प्रोग्राम बंद होईपर्यंत धरून ठेवण्याची रीत होती. एनजिनएक्सही वरच्यासारख्या फाइलीत नाव लिहिलं तर साधारणपणे सुरू होताना एकदाच ते विचारतो. यांच्यापुढे टीटीएल हतबल आहे, कारण त्यांना मुदत कधी कळलेलीच नसते. कुरिअरवाल्यांना फोन केला, त्यांच्या मुलाने प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला आणि पंधरा मिनिटांनी ते यंत्र नव्या सर्व्हरवर हजर झालं.

काही रिझॉल्व्हरही मुदत मोडतात, पण त्यांच्या नावाने जेवढी ओरड होते तेवढे ते नसतात. कुणी फार छोटा टीटीएल आला तर तो आपल्या मनाने वाढवतं. कुणी नेमसर्व्हरकडून उत्तरच येत नसेल तेव्हा शिळं उत्तर काही काळ देत राहतं. हे दुसरं तर २०२० पासून आरएफसी ८७६७ मध्ये रीतसर लिहून ठेवलेलं आहे, कारण बंद दारापेक्षा शिळा पत्ता बरा. बदलाच्या वेळी तुमचे नेमसर्व्हर नीट चालू असतील तर त्याचा त्रास होत नाही.

शेपूट किती लांबू शकतं याचं टोकाचं उदाहरण डीएनएसच्या मुळाशीच आहे. सगळ्या नावांचा शोध जिथून सुरू होतो त्या तेरा रूट सर्व्हरांपैकी जे-रूटचा पत्ता नोव्हेंबर २००२ मध्ये बदलला. तो चालवणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीच्या लोकांनी २०१५ मध्ये जुन्या पत्त्याकडे पाहिलं तेव्हा, तेरा वर्षांनंतरही, तिथे प्रश्न येत होते. रूट सर्व्हरांचे पत्ते रिझॉल्व्हरबरोबर येणाऱ्या एका फाइलीत लिहिलेले असतात. ज्याने ती फाइल बदलली नाही, त्याच्यासाठी २००२ उजाडलंच नव्हतं.

आमची इतकी मजल गेली नाही. मंगळवारपासून शनिवारपर्यंत जुन्या सर्व्हरच्या नोंदवहीत आमच्या साइटचं नाव घेऊन आलेली मागणी एकही नव्हती, फक्त बॉट. पुढच्या रविवारी सकाळी तो सर्व्हर आम्ही बंद केला, आठ दिवसांचं जास्तीचं भाडं भरलं आणि टीटीएल ३,६०० वर नेऊन ठेवला. काकांनी तो आकडा तारखेसकट गल्ल्याजवळच्या डायरीत लिहून घेतला आहे.